खणाचा पत्ता पेन्सिलीने लिही

कोल्हापूर

चि. बाळास,


तू पाठवलेले रजिस्टरच्या पानांचे फोटो काल रात्री चष्मा लावून नीट बघितले. अक्षर चांगलं आहे, आईवर गेलायस. पण मांडणी चुकली आहे, आणि आत्ता दीडशे-दोनशे नगांचा माल आहे तोवर ती बदलणं सोपं आहे. म्हणून फोनवर न बोलता लिहून पाठवतोय. फोनवर तू "हो मामा" म्हणतोस आणि मागून गिऱ्हाईक आलं की विसरतोस.

तू प्रत्येक गाडीला एक पान दिलंस. स्प्लेंडरचं पान, शाईनचं पान, पल्सरचं पान. दिसायला सोयीचं वाटतं, कारण गिऱ्हाईक गाडीच्या नावानं बोलतं. पण पुढच्या चाकाचं बेरिंग बघ. 6301 तू तीन पानांवर लिहिलंयस, एका ठिकाणी शिल्लक ४, दुसरीकडे २, तिसरीकडे ३. खणात प्रत्यक्षात किती आहेत? गेल्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा तू वीस मिनिटं शोधून शेवटी पोराला बाजारात पाठवलंस आणि संध्याकाळी तेच बेरिंग लायनरच्या डब्याखाली सापडलं. माल होता, हिशेब तीन ठिकाणी फुटला होता.

एका पार्टला एकच ओळ. त्या ओळीला एक अनुक्रमांक. शिल्लक फक्त तिथेच लिहायची. आणि रजिस्टरच्या मागच्या बाजूने गाड्यांची यादी सुरू कर: गाडीचं नाव, आणि पुढे फक्त अनुक्रमांक. स्प्लेंडर: ७, १२, ३१. गिऱ्हाईक आलं की मागून बघायचं, नग काढला की पुढे खोडायचं.

आता ओळीत काय लिहायचं. तू "क्लच वायर, १०० सीसी, सर्व" असं लिहिलंयस. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी हेच शब्द माझ्या पहिल्या रजिस्टरात होते.

होलसेलवाल्यानं दहा वायरींचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, सगळ्या शंभर सीसीला बसतात. मी तसंच लिहून ठेवलं. एका दूधवाल्याच्या गाडीला त्यातली एक घातली. बसली. लिव्हर दाबला, गिअर पडले, गाडी गेली. पंधरा दिवसांत तो परत आला: गाडी पळत नाही, इंजिन नुसतं ओरडतंय. उघडली तर क्लच प्लेटा जळालेल्या. प्लेटांचा दोष म्हणून मी नवीन घातल्या, आणि पुन्हा तीच गाडी दारात. तेव्हा माझ्या जुन्या मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं आणि मला लिव्हर हलवून बघायला सांगितलं. लिव्हरला ढील शिल्लकच नव्हती. वायर दीड-दोन सेंटिमीटर आखूड होती. हँडल सरळ असताना चालत होतं, वळवलं की वायर ताणून क्लच अर्धवट सुटत होता. दूधवाल्याला दिवसभर गल्ल्याच घ्यायच्या. दोन्ही वेळच्या प्लेटा आणि मजुरी माझ्या अंगावर पडली.

त्या दिवसापासून मी वायरीच्या ओळीत बाहेरच्या आवरणाची लांबी आणि आतल्या तारेचा मोकळा भाग मिलिमीटरमध्ये लिहितो. जुनी वायर काढली की नव्या वायरीशेजारी बाकावर सरळ ठेवून मोजायची, आणि बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून लिव्हरच्या टोकाला ढील तपासायची. बहुतेक कम्युटर गाड्यांना १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. अॅक्सिलेटरच्या वायरीला हीच परीक्षा वेगळ्या रीतीनं होते: हँडल वळवताना इंजिनचा आवाज आपोआप चढला तर वायर आखूड आहे किंवा वाट चुकवून बसवली आहे.

म्हणून "कुठल्या गाडीला बसतो" या रकान्यात मी नुसतं नाव लिहीत नाही, नावापुढे खूण करतो. "क" म्हणजे कंपनीच्या कॅटलॉगात बघितलं. "ब" म्हणजे आपल्या गॅरेजात बसवून, गाडी चालवून, गिऱ्हाईक तक्रार न करता पुढच्या सर्व्हिसिंगला आलं. "ऐ" म्हणजे ऐकीव. दुकानदार म्हणाला, शेजारचा मिस्त्री म्हणाला, डब्यावर छापलंय, सगळं ऐकीवच. ऐकीव पार्ट बसवू नको असं नाही, पण बसवण्याआधी मोजायचा, आणि टिकला की "ऐ" खोडून "ब" करायचा. वर्षभरात ती खोडाखोड हीच तुझी कमाई, ती कुठल्याही होलसेलवाल्याकडे विकत मिळत नाही.

नावापुढे सालही हवं. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, टाकीवरचं नाव तेच. पण एप्रिल २०१९ पासून नव्या छोट्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आले, म्हणजे मागचा पेडल दाबला की पुढचाही ब्रेक लागतो, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या वायरीची गोष्ट बदलली. एप्रिल २०२० ला बीएस-सहा आलं आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरच्या किटपुढे "स्प्लेंडर" एवढंच लिहिलंस तर तुझा हेल्पर ती नव्या गाडीसाठी काढून आणेल आणि बसवायला जागा शोधत बसेल. गाडीच्या आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि साल असतं, जॉबकार्डवर तेच उतरवून घे. गिऱ्हाईक सांगतं ते खरेदीचं साल.

नंबरांबद्दल. डब्यावरचा नंबर पूर्ण लिही, शेवटच्या शेपटासकट. होंडाच्या नंबरात आधी पाच आकडे येतात, मग मॉडेलचा संकेत, मग त्या पार्टची सुधारणा. हिरो होंडाच्या काळापासून हिरोच्या गाड्यांतही तीच रीत आहे. पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात: 22870 क्लच वायर, 44830 स्पीडोमीटरची वायर, 45450 पुढच्या ब्रेकची वायर. म्हणून पहिले पाच जुळले की "तोच पार्ट" असं समजू नको, ते फक्त जात सांगतात. दूधवाल्याच्या बाबतीतही जात जुळलीच होती. मधला संकेत गाडी सांगतो, आणि शेपूट बदललं असेल तर नवा पार्ट बहुधा जुन्याच्या जागी येतो, पण उलटं चालेलच असं नाही. तिथे बाण काढ. जुना → नवा. दोन्हीकडे चालत असेल तरच दोन्ही बाजूंनी टोक.

बेरिंगची गंमत वेगळी. तिथे नंबर म्हणजेच माप. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: 01 म्हणजे १२ मिलिमीटर, 02 म्हणजे १५, 03 म्हणजे १७, आणि 04 पासून पाचनं गुणायचं. 6201 आणि 6301 दोघांचं भोक १२ च, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १०, दुसऱ्याचा ३७ आणि १२. एक्सलवर दोन्ही चढतील, हबमध्ये एकच बसेल. म्हणून बेरिंगच्या ओळीत मुख्य नंबर बेरिंगचाच ठेव, गाडीच्या कंपनीचा नंबर शेजारी. पुढची अक्षरंही गाळू नको. 2RS म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, चाकाला चिखलापाण्यात तेच हवं. C3 म्हणजे आत ढील जास्त, तापल्यावर पसरायला जागा. C3 चाकात घातलं तर चालून जाईल, पण इंजिनात C3 असताना साधं घातलंस तर इंजिन पुन्हा उघडावं लागेल. बाणाला एकच टोक.

कॉम्प्युटरवर करायचं म्हणतोस तर कर, पण एक्सेलमध्ये नंबरचा रकाना आधी "टेक्स्ट" कर. नाहीतर 06430 लिहिलंस की ते 6430 करून टाकतं, आणि शून्य गेलेला नंबर काउंटरवर कुणाला सापडत नाही.

राहिला खणाचा पत्ता. तू रॅकही गाडीप्रमाणेच लावलायस, तो पार्टच्या जातीप्रमाणे लाव. वायरी गुंडाळून डब्यात कोंबू नको, भिंतीवर खिळ्यांना टांग, वाकडी झालेली वायर पुन्हा सरळ चालत नाही. गॅस्केट आडव्या, सपाट. ऑइल सील उन्हापासून लांब, नाहीतर रबर कडक होतं. लायनर ऑइलच्या कॅनपासून लांब, वरच्या फळीवर. ऑइल प्यायलेला लायनर कितीही घासला तरी ब्रेक धरत नाही. बेरिंग मूळ कागदातच, फोडून बघायची हौस गिऱ्हाईक आल्यावर.

पत्ता तीन तुकड्यांत लिही: रॅक, फळी, खण. ख-२-७ म्हणजे ख रॅक, वरून दुसरी फळी, डावीकडून सातवा खण. डावीकडून की उजवीकडून, हे रॅकच्या कपाळावर रंगवून ठेव. दोन खणांत माल असेल तर दोन्ही पत्ते लिही. आणि नंबर पेननं लिही, पत्ता मात्र पेन्सिलीनं, कारण पार्टचा नंबर बदलत नाही, खण बदलतो. माल वाढला की तू लायनर हलवशीलच, तेव्हा तिथल्या तिथे खोडरबर हातात घे. नंतर लिहू म्हणून ठेवलेला पत्ता कधी लिहिला जात नाही, माझ्या रजिस्टरात अजून असे अकरा आहेत.

नमुन्याला एक ओळ देतो:

१२ | पुढच्या चाकाचं बेरिंग | 6301-2RS | १२×३७×१२ | गाडी व साल, पुढे क/ब/ऐ | ख-२-७ | शिल्लक ६ | २ उरले की मागव

"गाडी व साल" तू भर. जुनं बेरिंग काढलं की कडेवरचा नंबर कापडानं पुसून वाच आणि मग लिही, मी सांगितलं म्हणून लिहू नको. ते ऐकीव होईल.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नको, गॅरेज बंद पडेल. आधी वायरी आणि बेरिंग उरकून घे, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. रविवारी मी येतोय, व्हर्नियर आणि मापपट्टी घेऊन. तोवर "क्लच वायर, सर्व" ही ओळ खोडून ठेव, आणि त्या ओळीतल्या वायरी खिळ्यांवर वेगवेगळ्या टांगून ठेव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा