नकार न म्हणता नकार : जादा काम आणि कार्यालयीन भाषा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पंचायत समितीतून दूरध्वनी येतो. "शेजारच्या गावचे भाऊसाहेब महिनाभर रजेवर जात आहेत. त्यांचा कार्यभार तुम्ही सांभाळा." पलीकडून उत्तर जाते, "बघतो साहेब." बोलणे तेथेच संपते. वरिष्ठांच्या समजुतीप्रमाणे कार्यभाराची व्यवस्था झालेली असते. उत्तर देणाऱ्याच्या मनात मात्र आपण कार्यभार स्वीकारलेला नसतो. पंधरा दिवसांनी त्या गावचा एखादा शेतकरी दाखल्यासाठी तीन हेलपाटे घालून पंचायत समितीत तक्रार करतो, तेव्हा हा गैरसमज उघड होतो आणि कारणे दाखवा नोटीस निघते. कामाचा बोजा अधिक होता, हे त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे खरे असते. ते योग्य वेळी आणि योग्य शब्दांत सांगितले गेले नाही, एवढीच त्याची चूक असते.

शासकीय व पंचायत सेवेत खासगी व्यवहाराप्रमाणे सरळ नकार देण्याची सोय नाही. तथापि हातातील कामाचा हिशेब वरिष्ठांपुढे ठेवून कोणते काम आधी करावे याचा निर्णय मागणे, हे प्रत्येक सेवकाच्या हाती असते. असे केल्याने निर्णयाचा भार ज्याच्याकडे असावयास हवा त्याच्याकडे जातो आणि सेवकावर असहकाराचा ठपका येत नाही. हे कसे करावे, याचा विचार ग्रामसेवकाच्या उदाहरणावरून करू. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ मध्ये एकत्र करून त्यांस ग्रामपंचायत अधिकारी हे नाव देण्यात आले आहे.

प्रथम हिशेब, मग उत्तर

असे समजू की, या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आधीच दोन गावे आहेत आणि महिन्यात कामाचे २० दिवस मिळणार आहेत. नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही पुढे ठेवून घरपट्टी व पाणीपट्टीच्या वसुलीसाठी दोन्ही गावांत मिळून ९ दिवस फिरावे लागेल. लेखापरीक्षणातील आक्षेपांच्या पूर्ततेस ४ दिवस, दोन्ही पंचायतींच्या मासिक सभा व इतिवृत्त यांस २ दिवस आणि तालुक्याच्या बैठकांस ३ दिवस लागतील. एकूण १८ दिवस झाले. शिल्लक राहिले २. नव्या गावासाठी आठवड्यातून दोन दिवस धरले तर ८ दिवस हवेत. तूट ६ दिवसांची आहे.

हा हिशेब दूरध्वनीवर तत्क्षणी करता येणार नाही. म्हणून पहिले उत्तर "होय" असे नसावे, "नाही" असेही नसावे आणि "बघतो" तर मुळीच नसावे. "बघतो" या शब्दाचा अर्थ ऐकणारा होकार असा घेतो आणि बोलणारा नकार असा धरतो. सारा घोटाळा येथे आहे. त्याच शब्दाला वेळेची जोड दिली की तो निर्दोष होतो :

"साहेब, नोंदवह्या पुढे घेऊन पाहतो आणि आज दुपारी ४ पर्यंत आपल्याला निश्चित सांगतो."

मात्र ४ वाजता सांगितलेच पाहिजे. दिलेली वेळ पाळली नाही, तर पुढचे सारे सौजन्य वाया जाते.

कोणता भाग हलू शकतो

सहा दिवसांची तूट दाखवून थांबणे म्हणजे अडचण वरिष्ठांच्या अंगावर टाकणे होय. हातातील कामांपैकी कोणते हलू शकते, हे त्या कामाचा माहीतगारच सांगू शकतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून वसुली पुढे ढकलता येत नाही. सभा व बैठकाही टळणाऱ्या नाहीत. आक्षेपांची पूर्तता मात्र परवानगी मिळाल्यास एप्रिलमध्ये जाऊ शकते. तसे झाले तर ४ दिवस मोकळे होऊन शिल्लक ६ दिवसांची होते, आणि नव्या गावी आठवड्यातून दोनऐवजी एक ठराविक दिवस बसल्यास ४ दिवसांत भागते. उरलेले २ दिवस अनपेक्षित कामासाठी राहतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्यभार अर्धामुर्धा घेता येत नाही. रोकडवही, धनादेश पुस्तके, दप्तर व शिल्लक साहित्य यांची यादी करून दोघांच्या सह्या होईपर्यंत आणि बँकेत सहीचा नमुना बदलेपर्यंत नुसत्या तोंडी सूचनेवर दाखले देणे किंवा रक्कम स्वीकारणे धोक्याचे आहे. तेव्हा मर्यादा घालावयाची ती त्या गावी उपस्थित राहण्याच्या दिवसांवर घालावी, जबाबदारीच्या कागदांवर नव्हे.

आता दुपारी ४ चे उत्तर असे होईल :

"साहेब, त्या गावचा कार्यभार घेण्यास माझी ना नाही. या महिन्यात माझे दोनच दिवस शिल्लक आहेत आणि तेथे आठ दिवस लागतील. लेखापरीक्षणाची पूर्तता १५ एप्रिलपर्यंत देण्यास आपण परवानगी दिली, तर दर मंगळवारी मी तेथे बसू शकेन. ते शक्य नसेल, तर हा कार्यभार जवळच्या दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा, ही विनंती. आपण सांगाल तो क्रम मी धरतो."

या उत्तरात "नाही" हा शब्द कामाला लावलेला नाही. तरीही आठ दिवसांचे काम जसेच्या तसे स्वीकारलेलेही नाही. निर्णय वरिष्ठांचा राहिला आणि त्यांस निवडीसाठी दोन मार्ग मिळाले.

शब्दांचा सूर

मराठीत एकच नकार अनेक प्रकारे सांगता येतो आणि प्रत्येकाचा सूर निराळा लागतो. "मी करणार नाही" यात इच्छेचा नकार आहे. तो अवज्ञा ठरतो. "मला जमणार नाही" यात कुवतीची कबुली आहे. ती पुढे गोपनीय अहवालाच्या वेळी आठवली जाण्याचा संभव असतो. "हे काम या मुदतीत पूर्ण होणे शक्य दिसत नाही" यात कर्ता काम आहे, माणूस नाही. दोष मुदतीकडे जातो. कार्यालयात हा तिसरा प्रकार सर्वांत सुरक्षित आणि सामान्यतः सर्वांत खराही असतो.

दुसरा शब्द "पण". "काम करायला हरकत नाही, पण..." असे म्हटले की ऐकणारा आधीचे सारे विसरतो आणि "पण" नंतरचे तेवढे ऐकतो. त्याऐवजी "त्यासाठी" हा शब्द वापरून पाहावा : "काम करतो, त्यासाठी पूर्ततेची मुदत वाढवून मिळावी." अर्थ तोच राहतो, अट मात्र मदतीच्या रूपाने येते.

"हे माझे काम नाही" हे वाक्य खरे असले तरी टाळावे. सहकाऱ्याने आपल्या टेबलाचे काम पुढे सरकवले, तर "अहो, ही नस्ती आस्थापनेच्या टेबलाकडे आहे, तेथे दिलीत तर उद्याच मार्गी लागेल. माझ्याकडे ती चार दिवस पडून राहील," असे म्हणावे. त्यात समोरच्याचा लाभ दिसतो. वारंवार असे होत असेल तर मात्र दोघांनी मिळून कार्यालयीन अधीक्षकांकडे जावे. रोज गोड शब्द शोधीत बसू नये.

सरपंच वा सदस्य एखादे काम सांगतात तेव्हा सूर आणखी वेगळा लागतो, कारण ते लोकांचे प्रतिनिधी असतात आणि बहुधा कोणाला तरी शब्द देऊन आलेले असतात. "सरपंचसाहेब, आज वसुलीला निघालो आहे. त्यांना गुरुवारी ११ वाजता कार्यालयात पाठवा, समोर बसवून काम करून देतो," असे म्हटल्याने त्यांचा शब्दही राहतो आणि आजचा दिवसही वाचतो.

जेथे ही रीत चालत नाही

काही कामे टाळण्याजोगी नसतात. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीच्या प्रसंगीचे काम ही त्यांपैकी होत. तेथे तडजोडीची भाषा न वापरता, खरी अडचण असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रासारख्या पुराव्यासह सूट मिळण्याचा अर्ज संबंधित अधिकाऱ्याकडे मुदतीत करावा आणि आदेश येईपर्यंत काम चालू ठेवावे.

शिक्षकांच्या बाबतीत कायद्यानेच रेषा आखली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक प्राधिकरण, राज्य विधानमंडळ व संसद यांच्या निवडणुकांचे काम एवढे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास लावता येत नाही. या रेषेबाहेरचे काम आले तरी पहिल्याच वाक्यात कलमाचा आकडा सांगू नये. त्याने संभाषण संपते आणि वाद सुरू होतो. आधी वर्गाची स्थिती सांगावी : "माझ्याकडे तिसरी व चौथी असे दोन वर्ग आहेत. सर्वेक्षणासाठी पाच दिवस बाहेर गेल्यास दोन्ही वर्ग उघडे पडतील. हे काम अन्य यंत्रणेकडे देता येईल का?" याने भागले नाही, तर मुख्याध्यापकांमार्फत दिलेल्या लेखी पत्रात कलमाचा उल्लेख करावा. कायदा पत्रात शोभतो, बोलण्यात तो धमकीसारखा वाटतो.

शेवटी कागद

तोंडी ठरलेले त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतही वरिष्ठांचे निर्देश शक्य तेथे लेखी घ्यावेत आणि ते तोंडी असल्यास शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा घ्यावा, असाच आशय आहे. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी वर्तणुकीचे नियम वेगळे असले, तरी पद्धत हीच ठेवणे हिताचे होय. मजकूर असा असावा :

"आज दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार अतिरिक्त गावाचा कार्यभार स्वीकारून दर मंगळवारी तेथे उपस्थित राहीन. लेखापरीक्षण आक्षेपांची पूर्तता १५ एप्रिलपर्यंत सादर करण्यास आपण संमती दिली आहे. कार्यभाराची यादी व लेखी आदेश मिळावेत, ही विनंती."

या पत्रात तक्रारीचा सूर नाही. तरीही मेअखेर कोणी विचारलेच की पूर्तता मार्चमध्ये का झाली नाही, तर उत्तर नस्तीत असते. आणि गावच्या शेतकऱ्याला मंगळवारी खुर्चीवर माणूस सापडतो.

वरिष्ठांनीही यातून एक खूण ओळखावी. "बघतो" म्हणणाऱ्यास तेथेच विचारावे, "किती वाजता सांगाल? आणि हे घेतल्यास हातातले काय मागे पडेल?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर काम स्वीकारले गेले असे समजू नये.