ताटलीतलं पाणी

अगं, तुळशीला रोज पाणी घालतेस तरी पानं पिवळी पडून गळतायत, असं तू सांगितलंस तेव्हा मी कुंडीखालच्या ताटलीचं मुद्दामच विचारलं. "ताटलीत पाणी असतंच, लागेल तसं पिते ती," असं तू म्हणालीस. तुळस तसं पीत नाही गं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणीच भरून राहिलं तर ती गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही झाड मान टाकतं. तुला वाटतं तहानलंय, आणि तू आणखी पाणी घालतेस.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धर. ठिबकणं थांबलं तरी त्याची खालची बाजू चिंबच असते. कुंडीचंही तसंच. भोकातून पाणी गळायचं थांबलं तरी तळाशी ओला थर उरतो. खाली ताटली भरलेली असली की तो थर आटतच नाही, उलट माती पाणी परत वर ओढत राहते. मातीतून धुऊन आलेले खतांचे क्षारही त्याबरोबर परत चढतात. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर दिसतो ना, त्यात हे क्षारही असतात.

म्हणून पाणी घातलंस की साधारण अर्धा तास थांब आणि मग ताटली रिकामी कर. मोठी कुंडी उचलवत नसेल तर जुना सुती कपडा ताटलीत बुडवून बादलीत पिळ, दोनतीनदा केलं की झालं.

एक मात्र लक्षात ठेव, भरलेली ताटली दरवेळी एकच गोष्ट सांगत नाही. तुझ्या कुंड्यांत कोकोपीट बरंच आहे. एप्रिल-मेमध्ये ते पार वाळलं की आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं, आणि झारीतलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं. ताटली क्षणात भरते, आतली माती कोरडीच. अशा वेळी कुंडी जरा उचलून बघ. हलकी लागली तर ताटलीतलं पाणी ओतून टाकू नकोस, उलट ताटलीत आणखी भर. अर्ध्या-पाऊण तासात माती खालून ओलावा ओढून घेते. वरची माती बोटाला गार, ओलसर लागली की उरलेलं ओतून टाक. कुंडी जड असेल आणि ताटलीही भरलेली असेल, तर मात्र लगेच रिकामी कर.

आता तुझ्या तुळशीचं. ताटली काढ, कुंडी फरशीच्या दोन तुकड्यांवर ठेव म्हणजे भोकाखाली हवा खेळेल. भोकाजवळ नाक नेऊन बघ. नाल्यासारखा वास आला तर मुळं कुजायला लागलीयत. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढ. पांढरी, टणक मुळं राहू दे. तपकिरी, लिबलिबीत, बोटात साल सुटून येणारी मुळं काप आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लाव. पुढे वरची दोन इंच माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. खोड जमिनीपाशी काळं, मऊ पडलं असेल तर ते झाड वाचवण्यात वेळ घालवू नकोस. वरचे हिरवे शेंडे कापून लाव, तुळस फांदीपासून सहज रुजते.

पावसाळ्यात बाल्कनीत पाऊस येतो त्या बाजूच्या सगळ्या ताटल्या काढूनच ठेव. तेव्हा तू काही न करताही त्या रोज भरतात. आणि डासांचं तर मी तुला निक्षून सांगते, घरात छोटं बाळ आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरव आणि ताटल्या काथ्याने घासून उन्हात वाळव.

कायम पाणी राहिलेलं चालतं ते वेखंड, ब्राह्मी अशा पाणथळीतल्या झाडांना. तुझ्या ब्राह्मीच्या ताटलीत बोटभर पाणी खुशाल असू दे, उन्हाळ्यात तर हवंच. फक्त ते पाणीही त्याच ठरलेल्या वारी बदल, ताटली घासून. मोगरा, जास्वंद, गुलाब, मनी प्लांट यांना ही सवलत नाही. कोरफड आणि जेडला तर अर्धा तासही देऊ नकोस. त्यांना पाणी घालायचं ते मोरीत नेऊन, आणि पूर्ण निथळल्यावरच ताटलीवर ठेवायचं.