पाय आपोआप ठेका का धरतो?

प्रश्न : भजन ऐकताना नकळत माझा पाय हलू लागतो. असे का होते?

उत्तर : कारण मेंदू ठोका नुसता ऐकत नाही, पुढचा ठोका कधी पडेल हे आधीच ठरवतो. ठोका ऐकून मग पाय आपटला, तर दर वेळी सेकंदाचा सातवा-आठवा भाग तरी उशीर होईल. प्रत्यक्षात प्रयोगांमध्ये लोकांची बोटे ठोक्याच्या किंचित आधीच टेकतात. म्हणजे हा प्रतिसाद नसून अंदाज असतो.

हा अंदाज बांधण्यात हालचालींची केंद्रेच गुंततात. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी 2007 मध्ये स्कॅनरमध्ये निश्चल पडलेल्या लोकांना ताल ऐकवले. स्पष्ट ठेका असलेले ताल ऐकताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. पाय हलण्याची तयारी अशी ऐकण्यातच होते.

याला मर्यादाही आहे. दोन ठोक्यांत साधारण अर्धा सेकंद असला की ठेका सहज सापडतो. अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेले की अंदाज चुकतो आणि पाय मागे पडतो. म्हणूनच अतिविलंबित लयीत मधल्या मात्रा मोजाव्या लागतात.