‘ओडी’ की ‘ओडब्ल्यू’?

प्रश्न : आईच्या संधिवाताच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर आला आहे. तिला मराठीत लिहून द्यायचं आहे. ‘ओडी’, ‘एचएस’ म्हणजे काय?

उत्तर : आधी भाषांतर करू नका, चिठ्ठीत दिसतं ते अक्षर न् अक्षर तसंच उतरवून घ्या. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळाही असू शकतो.

चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट असेल तर फार जपा. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. तिथे ‘ओडब्ल्यू’ लिहिलेलं असू शकतं, आणि घाईच्या अक्षरात ते सहज ‘ओडी’ वाटतं. ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. ‘७.५’मधलं टिंब फोटोत पुसट झालं की ७५ दिसतात, तेही पाहा.

जिथे अंदाज केला तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. मग मूळ चिठ्ठी आणि तुमचा मजकूर, दोन्ही फार्मासिस्टला दाखवा. कोणती गोळी किती मिलिग्रॅमची येते, रोज देतात की नाही, हे त्यांना ठाऊक असतं. शंका उरली तर त्यांना डॉक्टरांना फोन करायला सांगा. आईच्या कागदावर डॉक्टरांनी ठरवलेला वारही लिहा : ‘फक्त सोमवारी’.