दसऱ्याचे लाख रुपये

प्रश्न : बाबा बँकेत क्लार्क होते, त्यामुळे त्यांचा कल मुदत ठेवीकडे. आईला दसऱ्याला बांगडी हवी. माझ्या मनात निर्देशांक फंड आहे. माझे १ लाख रुपये दोन वर्षांनी बहिणीच्या लग्नाला लागतील. काय करू?

उत्तर : आधी सराफाचं बिल मांडून पाहा. घडणावळ १२ टक्के धरली, तर लाखात सोनं येतं सुमारे ८६,७०० रुपयांचं. घडणावळीचे १०,४०० आणि ३ टक्के जीएसटीचे २,९०० रुपये मोडताना परत मिळत नाहीत. म्हणजे भाव १५ टक्के वाढेल तेव्हा कुठे तुमचे लाख भरून निघतील. बांगडी आई घालणार असेल तर हा खर्च मला मुळीच वावगा वाटत नाही, पण ती गुंतवणूक धरू नका. मुहूर्ताला वेढणी घ्या, तिला घडणावळ कमी पडते.

निर्देशांक फंड मला स्वतःला आवडतो, पण या पैशांसाठी नको. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यात निफ्टी सुमारे ३८ टक्के कोसळला होता. पुढे तो सावरला, पण लग्नाची तारीख थांबत नाही.

इथे बाबांचं ऐका. साडेसहा टक्क्यांनी लाखाचे दोन वर्षांत साधारण १,१३,७०० होतील. व्याजावर तुमच्या उत्पन्नाप्रमाणे कर लागेल. ठेवीची मुदत मात्र लग्नाच्या महिनाभर आधी संपेल अशी ठेवा. मुदतीआधी मोडल्यास बँक व्याजदर कमी करते.