सर्टिफिकेट आहे, पण सही चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनीअर आहे. तिने खासगी संस्थेतून स्ट्रक्चरल ऑडिटचे सर्टिफिकेट घेतले. मुलगा एमबीबीएस करून कौन्सिलची नोंदणी घेतो आहे. दोन्ही सारखेच ना? – एक वाचक, भाईंदर पश्चिम

उत्तर : नाही. मुलाची नोंदणी हा कायदेशीर परवाना आहे. तिच्याशिवाय रुग्ण तपासणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

इंजिनीअरांसाठी असा देशव्यापी परवाना नाही. म्हणून मुलगी सर्टिफिकेट नसतानाही कंपनीत डिझाइन करू शकते. त्या कागदाने ज्ञान दिसेल, अधिकार मिळणार नाही.

अधिकाराचा प्रश्न सहीपाशी येतो. तुमच्या भागातल्या तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच व्हावी लागते. मुलीने खांबांची चाचणी अचूक केली, तरी नोंदणी नसेल तर तिच्या सहीचा अहवाल त्यासाठी ग्राह्य धरला जाणार नाही.

त्या नोंदणीसाठी पदवीबरोबर स्ट्रक्चरल कामाचा अनुभवही लागतो. तेव्हा आणखी कोर्सची फी भरण्याआधी तिने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या हाताखाली नोकरी धरावी. डिझाइन आणि साइट दोन्ही कामे करावीत आणि तसा स्पष्ट उल्लेख असलेले अनुभवपत्र घ्यावे. नुसत्या बिलिंगच्या कामाचे पत्र तिथे उपयोगी पडणार नाही.