स्वस्त झाला म्हणून टिकतो असं नाही गं

परवा फोनवर म्हणालीस ना, दारात टेम्पो आला होता, शंभराला सात किलो कांदा, म्हणून गोणीच घेऊन टाकली? मी तेव्हा काही बोलले नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच कुणाचा हिरमोड कशाला करायचा! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी स्वतःची गोणी आठवली, आणि म्हटलं, हिला सांगायलाच हवं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जानेवारीत असाच भाव पडला. माझं माहेर निफाडकडचं, त्यामुळे कांद्यातलं मला सगळं कळतं, असा रुबाब. ऐटीत पन्नास किलोची गोणी उतरवून घेतली आणि दिवाणाखाली सरकवून दिली. होळीच्या आत घरात असा वास सुटला, की सासूबाई उंदीर मेला असेल म्हणून कपाटं हलवत होत्या. दिवाण ओढला तर खाली पाण्याचं थारोळं. निम्मी गोणी महापालिकेच्या गाडीत गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लाल होता ना गं?" त्यांना ते कळलं होतं, निफाडच्या पोरीला नाही.

तर पहिली गोष्ट हीच. कांद्याचा भाव वर्षातून दोनदा तरी पडतो, आणि दोन्ही वेळचा कांदा निराळा असतो. दिवाळीच्या आगेमागे येतो तो पावसाळ्यात लावलेला लाल कांदा. त्याच्यामागून जानेवारी ते मार्चमध्ये रांगडा येतो. दोन्ही दिसायला देखणे, गडद, रसरशीत. पण अंगात पाणी फार आणि वरचा पापुद्रा पातळ. लाल कांदा दोन-चार आठवड्यांत खाऊन संपवायचा, रांगडा फार तर महिना-दोन महिने निघतो. म्हणून तर शेतकरीही तो चाळीत भरत नाही, काढला की बाजारात नेतो. सगळ्यांचा एकदम आला की भाव पडतो. म्हणजे जानेवारीतली स्वस्ताई ही कांदा टिकत नाही म्हणूनच आलेली असते, आणि आपण तोच साठवायला घेतो!

साठवायचा तो उन्हाळ कांदा. थंडीत लावलेला, एप्रिल-मेमध्ये निघालेला. रंगाला फिका, विटकरीकडे झुकणारा, पापुद्रे दोन-तीन आणि घट्ट. तोच चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत आपण तोच खातो. एप्रिलच्या सुरुवातीला घाई करू नकोस. तेव्हा येणारा बराचसा कांदा नुसता पात कापून गाडीत टाकलेला असतो. माझा भाऊ कसा सुकवतो सांगते. शिवारातली बरीचशी पात मान टाकून आडवी पडली की तो कांदा उपटतो. तीन-चार दिवस पातीसकट वाफ्यातच ठेवतो, तेही असा ओळीत मांडून, की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर पडावी आणि ऊन थेट कांद्याला भाजू नये. मग दोन बोटं मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत पसरून ठेवायचा. एवढं झालं की मान पिळल्यासारखी बंद होते. ही बंद मान म्हणजे कांद्याचं बूच. उघड्या राहिलेल्या मानेतूनच सड आत शिरते.

म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पण पावसाआधी घे. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचार: "पावसात सापडलेला नाही ना?" २०२५ च्या मेमध्ये किती पाऊस कोसळला आठवतंय ना? शेतात पडलेला कांदा भिजला. तसा भिजून वरवर वाळलेला कांदा दिसायला बरा दिसतो. पण टरफलावर डाग असतात, बुडाची मुळं वाळक्या दाढीसारखी नसून मऊ असतात किंवा पांढरे नवे फुटवे दिसतात. असा कांदा फुकट मिळाला तरी साठवायला नको.

आता हातात घेऊन कसा बघायचा? डोळ्यांआधी अंगठा लाव. मानेवर अंगठा दाबायचा. दबली, ओलसर लागली, की तो बाजूला. मान बोटाएवढी जाड असेल तर युरिया जास्त पडलेला असतो, तोही लवकर जातो. मधोमध पोकळ दांडा असेल तर तो डेंगळ्याचा कांदा, फुलावर आलेला, टिकायचा नाही. जोड कांदा, म्हणजे एका टरफलात दोन, हाही नको, कारण मधल्या फटीत हवा आणि ओल राहते. आकार मध्यम घ्यावा, लिंबापेक्षा मोठा आणि संत्र्यापेक्षा लहान. मुठीत न मावणारे कांदे बघून आपल्याला हरखायला होतं, पण चाळीत तेच आधी बसतात. मग ओंजळभर कांदे हलवून बघ, वाळलेल्या पाचोळ्यासारखी खसखस यायला हवी.

आणि एक कांदा उभा चिरायला लाव. विकणारा कुरकुर करेल, करू दे, त्या कांद्याचे पैसे दे. मध्यभागी हिरवा कोंब किती वर आलाय ते बघ. तळाशी टिकलीएवढा असेल तर ठीक. अर्ध्याच्या वर चढला असेल तर पावसाळ्याच्या गारव्यात तो बाहेर येणारच.

गोणीच घ्यायची असेल तर ती अर्धी तरी ओतून दाखवायला सांग. तोंडाशी सगळ्याच गोण्या सुंदर असतात. माझी नजर नेहमी तळाच्या कांद्यांवर, कारण फेकाफेकीत तेच आपटतात, आणि आपटलेला कांदा आठवड्याभराने मऊ पडतो. काळी पूड दिसली तर घाबरू नकोस. ती काजळी. वरच्या टरफलापुरती असेल तर सोलून टाकून खाता येतो, पण साठवणीत मात्र तो नको. आतल्या पाकळ्यांवर उतरली असेल तर गोणीच नको.

किती घ्यायचा? इथे मी तुला माझा हिशेब उघडा करून सांगते, ह्यांना सांगू नकोस. मागे एका वर्षी मी तीस किलो घेतला, सोळा रुपयांनी, म्हणजे ४८० रुपये. रिक्षाचे १२०. झाले ६००. सप्टेंबरअखेर काही सडला, काही फुटला, काहींचं नुसतं वजन घटलं. एकूण सहा किलो गेले असं धर. चोवीस किलो पोटात गेला, म्हणजे किलोला पंचवीस पडला. तेव्हा बाजारात तीस होता. चार महिने दर रविवारी कांदे उलटेपालटे करून मी वाचवले १२० रुपये! पुढच्याच वर्षी बाजारात पन्नास झाला तेव्हा तेच ६०० वाचले. म्हणजे हा थोडा जुगारच आहे. चौघांच्या घरात आठवड्याला दीड-दोन किलो लागत असेल तर वीस ते तीस किलोच्या वर जाऊ नये. पन्नासची गोणी जावेबरोबर वाटून घ्यावी. आणि तुमच्याकडे चातुर्मासात कांदा बंद असेल तर, बाई, कांदेनवमीच्या थाळीपुरता आण की झालं.

घरी आणलास की सगळा जमिनीवर ओत. जाड मानेचे, जोड, आपटलेले, फार मोठे असे वेगळे काढ. ते पहिल्या पंधरा दिवसांत संपवायचे. उरलेले जाळीच्या क्रेटमध्ये, फार तर तीन थर, आणि क्रेटखाली दोन विटा, म्हणजे खालूनही वारा खेळेल. चाळीचं तत्त्वही हेच, जमिनीपासून उंच आणि बाजूंनी फटी. कांद्याला उकाडा चालतो, ओल चालत नाही. म्हणून मे महिन्यात काही होत नाही, खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा क्रेट भिंतीपासून हातभर लांब ओढ, जमलं तर पंखा लाव. फ्रिजमध्ये तर ठेवूच नकोस, तिथल्या ओलीत तो उलट लवकर मऊ पडतो. कोकणात अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून आढ्याला टांगतात ते उगाच नाही. एकाला एक चिकटत नाही आणि चारी बाजूंनी वारा. वास आला की लगेच शोध, एक सडका दहांना घेऊन जातो.

बटाट्याचं मात्र मी वेगळंच सांगेन. तो साठवायच्या फंदात पडू नकोस. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा बटाटा येतो, भाव पडतो, आणि अंगठ्याने घासला की साल निघते. तो कोवळा बटाटा अजिबात टिकत नाही. साल न निघणारा, माती लागलेला, न धुतलेला घेतलास तरी दोनेक महिन्यांत त्याचे डोळे फुटायला लागतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात तो सुकून चिमतो. वर बटाट्याची पाकोळी. डोळ्याजवळ टाचणीएवढं भोक आणि भोवती काळा भुसा दिसला की आत अळी आहे असं समज. एका बटाट्यातून सगळ्यांत पसरते. म्हणून मार्चमध्ये स्वस्त झाला की तो घरात ठेवू नकोस, उन्हात घाल. वेफर्स आणि कीस करून टाक, वर्षभर उपासाला होतील.

पुढे पावसाळ्यात येतो तो शीतगृहातला. थंडीत त्याच्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो आणि तळला की पटकन काळपट पडतो. बाहेर काढल्यावर फुटायलाही वेळ लावत नाही. तो आठवड्यापुरताच आणायचा. बटाटा अंधारात ठेव. उजेडाने हिरवा झाला तर हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाक, सगळाच हिरवा असेल तर बटाटाच टाक. आणि कांद्याच्या टोपलीत तर नाहीच. बटाट्याचा ओलावा कांद्याला बाधतो.

तर आता ती टेम्पोवाल्याची गोणी. जानेवारीची म्हणजे लाल किंवा रांगडा, दोन्ही थांबणारे नाहीत. आज संध्याकाळीच ओत, पाच किलो ठेव, बाकीचा शेजारीपाजारी वाट. किंवा चिरून, तळून, बिर्याणीचा बिरिस्ता करून डब्यात भर. आणि मेमध्ये उन्हाळ घ्यायला निघालीस की मला आधी फोन कर, आपण मिळून गोणी घेऊ.